तेल मुळाला, फायदा शेंड्याला

केसांना तेल लावणे ही शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत आवडीनिवडीची बाब नाही. बाळाची टाळू भरण्यापासून तिचा आरंभ होतो, शाळेत लाल रिबिनी बांधलेल्या दोन वेण्यांतून ती पुढे सरकते, नरकचतुर्दशीला पाटावर बसून धर्माचा आधार मिळवते आणि उतारवयात डोक्यावर उरलेल्या मोजक्या केसांवरही तितक्याच निष्ठेने पार पाडली जाते. सरकारही या प्रकरणी तटस्थ राहिलेले नाही. आश्रमशाळेतल्या मुलांसाठीच्या साहित्यात साबणाच्या जोडीला खोबरेल तेलही धरलेले असते, म्हणजे विद्यार्थ्याचे डोके आतून कसे भरावे याबरोबर बाहेरून कसे भरावे याचाही विचार झालेला आहे.

या एकमताला अलीकडे तडा गेला तो आसनगाव स्टेशनावर. सकाळच्या लोकलने कल्याण-ठाण्याला कॉलेजला जाणाऱ्या मुली चपचपीत डोक्याने गाडीत चढायला तयार नाहीत. तेलाने केस वाढत नाहीत, नुसता चिकट थर साचतो, असे त्यांचे म्हणणे. घरातल्या आजीचे म्हणणे असे, की तेल सोडले म्हणूनच केसांची शेपटी झाली. हा वाद घरोघर चालतो आणि दोन्ही बाजू आपापल्या पुराव्यांसह जेवायला बसतात. गंमत अशी, की दोघीही निम्म्या बरोबर आहेत, कारण दोघी केसाच्या दोन वेगवेगळ्या टोकांबद्दल बोलत आहेत.

केस वाढतो तो त्वचेच्या आत, काही मिलिमीटर खोल असलेल्या मुळाशी. तिथल्या पेशी जिवंत असतात आणि त्यांचा शिधा रक्तातून येतो. बाहेर दिसतो तो केस मृत प्रथिनाचा, केराटिनाचा, धागा असतो. न्हाव्याच्या दुकानात कोणी ओरडत नाही हा त्याचा रोजचा पुरावा. मृत धाग्याला पोषण देता येत नाही, त्याची फक्त निगा राखता येते. वाढीचा वेग महिन्याला साधारण एक सेंटीमीटर असतो आणि एक केस दोन ते सहा वर्षे वाढत राहून मग दोन-तीन महिने विश्रांती घेऊन गळतो. हे वेळापत्रक आनुवंशिकता, वय, संप्रेरके आणि आहार मिळून ठरवतात. त्या बैठकीत तेलाला बोलावलेले नसते. खोबरेल, एरंडेल किंवा आवळ्याचे तेल चोळल्याने माणसाच्या डोक्यावर नवे केस उगवतात किंवा वाढीचा वेग बदलतो, असे दाखवणारा भक्कम पुरावा नाही.

इथे कॉलेजची मुलगी जिंकल्यासारखी वाटते, पण निकाल इतक्यात लागत नाही. कंबरेपर्यंतच्या, समजा 72 सेंटीमीटरच्या, वेणीचा हिशेब करून पाहावा. महिन्याला एक सेंटीमीटर धरला तर तिचा शेंडा सहा वर्षांचा निघतो. आठवड्यातून दोनदा न्हाणे झाले तर त्या शेंड्याने सहाशेच्या वर धुणी सोसलेली असतात. प्रत्येक धुण्यात केस पाणी पिऊन फुगतो, वाळताना आकसतो, आणि त्याच्यावरचे खवल्यांचे पातळ आवरण थोडे थोडे सुटते. वर ओल्या केसांतून फणी ओढली की सुटलेले खवले निघून येतात. मुळाशी केस रोजच्या वेगाने वाढतच असतो, पण शेंडा त्याच वेगाने तुटत असला तर वेणी वर्षभर तिथल्या तिथे राहते. घरात त्याला ‘केस वाढत नाहीत’ असे म्हणतात. वास्तविक ते वाढतात आणि तुटतात. वाढ आणि तूट यांचा मेळ घालणे ग्रामपंचायतीलाही जड जाते, केसांना कसे जमावे?

तेलाचे खरे काम या तुटीच्या बाजूला आहे आणि त्याचा सर्वांत चांगला पुरावा मुंबईतूनच आला. आरती रेळे आणि आर. बी. मोहिले या संशोधकांनी 2003 साली ‘जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्स’मध्ये खोबरेल तेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. केसांच्या बटांना ही तेले लावून, काहींना धुण्याआधी आणि काहींना धुतल्यानंतर, त्यांतून किती प्रथिन झिजून जाते हे मोजले गेले. झीज लक्षणीय प्रमाणात कमी केली ती एकट्या खोबरेलाने, तीही धडधाकट आणि खराब झालेल्या अशा दोन्ही प्रकारच्या केसांत. कारण रसायनशास्त्रातले आहे. खोबरेलातले मुख्य आम्ल म्हणजे लॉरिक आम्ल. त्याचा रेणू लहान आणि सरळ असतो, त्याचे केसाच्या प्रथिनाशी जमते आणि तो आत शिरतो. सूर्यफुलाचा रेणू मोठा व वाकडा, तो बहुतांशी वरच राहतो. खनिज तेलाला प्रथिनाची ओढच नसते. आत शिरलेले खोबरेल केसाला पाणी कमी पिऊ देते, म्हणून तो कमी फुगतो आणि खवले कमी सुटतात.

हे संशोधक मॅरिको कंपनीचे होते आणि मॅरिको पॅराशूट खोबरेल विकते, ही गोष्ट वाचकाने गाठीला बांधून ठेवावी. नारळ विकणाऱ्याने नारळ उत्तम असल्याचे सांगितले तर एक डोळा बारीक करणे योग्यच. तरीही निष्कर्ष टाकाऊ ठरत नाही, कारण त्यामागचे कारण तपासता येण्यासारखे आहे. आणि मुद्द्याची गोष्ट ही, की खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्या या अभ्यासातही केस वाढल्याचे कुठे म्हटलेले नाही. झीज कमी झाली, एवढेच.

आता घरोघरची पद्धत पाहावी. तेलाची धार टाळूवर सोडली जाते, तळव्याने थापटले जाते, मुळांशी चोळले जाते आणि हाताला उरले तर वेणीवरून एकदा फिरवले जाते. म्हणजे नुकत्याच उगवलेल्या, अजून एकही उन्हाळा न पाहिलेल्या केसाला सगळे तेल, आणि सहाशे धुणी सोसलेल्या शेंड्याला हात पुसून उरलेला ओशटपणा. सरकारी योजनेचा लाभ शेवटच्या माणसापर्यंत पोहोचत नाही अशी तक्रार करणारी माणसे स्वतःच्या डोक्यावर हेच करत आली आहेत.

चोळण्यात मात्र काही अर्थ असू शकतो. जपानमध्ये 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात नऊ पुरुषांच्या डोक्याला रोज चार मिनिटे, 24 आठवडे मालिश केले गेले, तेव्हा केसांची जाडी थोडी वाढलेली आढळली. वाढीचा वेग वाढल्याचे दिसले नाही. नऊ माणसांवरून सगळ्या तालुक्याला नियम लावता येत नाही, पण त्या प्रयोगाचा भर तेलावर नव्हता, दाबावर होता, हे आजीच्या बोटांच्या बाजूने नोंदवून ठेवायला हवे. तेलाला मिळणाऱ्या श्रेयातला काही वाटा कदाचित त्या बोटांचा आहे.

खोबरेलाची ओळख कायद्याच्या दरबारातही बराच काळ अडकून पडली होती. खाद्यतेलावर कर कमी आणि केसांच्या तेलावर जास्त, ही रीत जीएसटीच्या आधी उत्पादन शुल्काच्या काळापासूनची; जीएसटीत ती पाच आणि अठरा टक्के अशी झाली. साहजिकच लहान बाटलीतले खोबरेल हे खाण्याचे की डोक्याचे, असा प्रश्न उत्पादन शुल्काच्या वादातून सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. 18 डिसेंबर 2024 रोजी निकाल लागला, की शुद्ध खोबरेल लहान बाटलीत भरले म्हणून ते केसांचे तेल होत नाही; वेष्टनावर तसे म्हटले असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून ज्या बाटलीतून मुरबाडमधली पिढ्यान्‌पिढ्यांची डोकी चोपडली गेली ती कायद्याने स्वयंपाकघरातली ठरली. 22 सप्टेंबर 2025 पासून केसांच्या तेलावरचा करही पाच टक्क्यांवर आला आणि ओळख लपवण्याचे कारण उरले नाही. थंडीत मात्र या तेलाची ओळख आपोआप पटते. साधारण 24 अंशांखाली ते गोठते, आणि माळशेजच्या पायथ्याशी डिसेंबरच्या पहाटे बाटली उन्हात किंवा चुलीच्या कडेला ठेवल्याशिवाय तोंड उघडत नाही. बाटली थेट विस्तवावर धरू नये, प्लॅस्टिकही तेलाबरोबर वितळायला तयार असते. गरम पाण्याच्या तांब्यात उभी केली की पुरते.

एरंडेलाची कीर्ती खोबरेलाहून मोठी आहे, कारण ते जाड आहे. जाड तेलाने केस जाड होतात, ही समजूत बहुधा दिसण्यावरूनच रूढ झाली. एरंडेलात रिसिनोलेइक आम्ल नव्वद टक्क्यांच्या आसपास असते. त्यामुळे ते पाण्याच्या कित्येकशे पट घट्ट होते आणि केसाभोवती चकचकीत लेप धरून बसते. लेप चढलेला केस बोटांना भरीव लागतो आणि आरशात दाट दिसतो, पण धुतला की पूर्ववत होतो. भुवया, दाढी, टक्कल यांवर एरंडेलाने केस उगवल्याच्या कथा गावोगाव आहेत. पुरावा विचारला की चुलतभावाच्या साडूचे नाव सांगितले जाते.

या तेलाचा खरा धोका वेगळा आहे. 2017 साली ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ ट्रायकॉलॉजी’त दक्षिण भारतातल्या वीस वर्षांच्या तरुणीची हकिगत आली. लांब केसांना तिने खोबरेल आणि एरंडेल मिसळून लावले आणि केस धुतले, तोच सगळे केस एकमेकांत गुंतून त्यांचा दगडासारखा घट्ट गोळा झाला. डॉक्टरांनी एरंडेलाला दोषी धरले. गोळा सुटला नाही, केस कापावे लागले. असे क्वचित घडते, पण घडते तेव्हा वेणी वाढवण्याचा उपाय वेणीसकट जातो. एरंडेल वापरायचेच असेल तर एक भाग एरंडेलाला निदान तीन भाग खोबरेल घ्यावे, डोक्यावर केसांचा घोळ करून चोळू नये आणि धुताना केस खाली मोकळे सोडून पाणी वरून खाली वाहू द्यावे. पोटासाठी एरंडेलाची ख्याती अबाधित आहे, तिथे त्याचा गुण कोणालाही शंका न घेऊ देता लगेच प्रकट होतो.

आवळ्याच्या तेलाची गोष्ट आणखी गुंतागुंतीची, कारण आवळ्यात तेलच नाही. शास्त्रोक्त पद्धतीने ते करायचे तर एक भाग आवळ्याचा कल्क म्हणजे वाटण, चार भाग तीळ किंवा खोबऱ्याचे तेल आणि सोळा भाग आवळ्याचा रस किंवा काढा एकत्र करून मंद आचेवर पाणी पूर्ण उडेपर्यंत शिजवायचे असते. कल्क बोटांत वळता येऊ लागला आणि त्याचा थोडा भाग विस्तवावर टाकल्यावर तडतडला नाही, की तेल सिद्ध झाले. पाणी राहिले तर चार दिवसांत तेलाला बुरशी येते आणि जास्त शिजले तर करपट वास येतो. एवढा खटाटोप करूनही आवळ्याचे ज्याच्यासाठी नाव आहे ते क जीवनसत्त्व पाण्यात विरघळणारे आहे, तेलात नाही, आणि तासन्‌तास उकळण्यापुढे ते टिकतही नाही. शेवटी हाती येते ते बरेचसे चांगले तिळाचे किंवा खोबऱ्याचे तेल. एसटी स्टँडवरच्या दुकानातल्या हिरव्या बाटलीचा प्रश्न याहून सोपा आहे. तिच्यावरच्या चित्रात आवळे मोठे असतात आणि मागच्या बारीक अक्षरांत बऱ्याचदा पहिले नाव खनिज तेलाचे असते. घटक जास्तीकडून कमीकडे लिहितात, हे माहीत असले की पुढचे वाचायची गरज उरत नाही.

या सर्वांवर ताण केली आहे ‘आदिवासी तेला’ने. कर्नाटकात म्हैसूर जिल्ह्यातल्या हुणसूर भागातील हक्की-पिक्की समाजाच्या नावाने विकले जाणारे हे तेल मोबाइलवरच्या जाहिरातींतून सगळीकडे पोहोचले. शंभराहून अधिक वनस्पती आणि गुडघ्यापर्यंत केस, अशी त्याची मांडणी असते. शहापूर तालुक्यात ठाकूर, कातकरी आणि महादेव कोळी यांची वस्ती पूर्वापार आहे. तिथल्या पाड्यांवर कुरिअरने दुसऱ्या राज्यातून आदिवासी तेल यावे, हा बाजारपेठेचा विजय म्हणावा लागेल. शंभर वनस्पतींपैकी प्रत्येकीच्या वाट्याला बाटलीत किती थेंब येतात, हा भागाकार मात्र जाहिरातीत दाखवत नाहीत.

मग तेलाने केस वाढल्याचा अनुभव इतक्या बायकांना येतो तो कसा? त्याचे उत्तर बाळंतपणात सापडते. गरोदरपणात बरेच केस वाढीच्या अवस्थेतच थांबून राहतात, गळती कमी होते, वेणी दाट होते. बाळंतपणानंतर ते सगळे एकदम विश्रांतीला जातात आणि साधारण तिसऱ्या महिन्यात झुंडीने गळू लागतात. समजा, खर्डीजवळच्या एका गावातली बाई दिवाळीत बाळंत झाली. माघात तिच्या फणीत केसांचे पुंजके येऊ लागतात, घरात घबराट होते आणि शेजारीण माका-जास्वंद घालून उकळलेले तेल देते. चैत्र-वैशाखापर्यंत गळती ओसरते, आषाढात कपाळाच्या कडेने बोटभर नवे केस उभे राहतात. तेलाची कीर्ती पंचक्रोशीत पसरते. हे नवे केस तेल न लावताही याच सुमारास आले असते, कारण केस गळाले तेव्हाच त्या मुळांतून दुसरे उगवायला लागलेले होते. टायफॉइड किंवा डेंग्यूच्या तापानंतरही हाच क्रम चालतो: ताप जातो, दोन-तीन महिन्यांनी केस जातात, माणूस तेल शोधतो, केस परत येतात. तेल नेमके गळती ओसरण्याच्या बेतात येते आणि सत्कार त्याचा होतो.

उरला प्रश्न थर साचण्याचा, आणि इथे मुलीच्या बाजूला वजन आहे. वाट्याला येईल त्याहून जास्त तेल केस पिऊ शकत नाही, उरलेले वर बसते. रोज नव्याने तेल आणि पंधरवड्याने न्हाणे, अशी रीत असली की त्यात घाम, मृत त्वचा आणि मुरबाड रस्त्याची व वीटभट्ट्यांची धूळ मिसळून मुळाशी पिवळसर कीट बसते. ओळखायचे कसे? धुऊन वाळलेल्या टाळूवर नख हळू ओढावे. नखात मेणासारखा ओशट मळ आला तर तो साठा आहे. पांढरे कोरडे पापुद्रे उडाले तर कोरडी त्वचा. तेलकट पिवळ्या खपल्या, खाज आणि लाली असेल तर तो कोंड्याचा विकार असतो, ज्याच्यामागे मॅलॅसेझिया नावाची बुरशी असते. ही बुरशी स्निग्धावरच जगते. अशा डोक्यावर ‘कोरडे पडले आहे’ म्हणून तेल थापणे म्हणजे तिला जेवू घालणे. कपाळाच्या कडेने बारीक पुटकुळ्या उठत असतील तर तेही ओघळलेल्या तेलाचेच काम, त्वचारोगतज्ज्ञांनी त्याची नोंद 1970 सालीच केली आहे.

पण दोष एकट्या तेलाचा नसतो. बोअरवेलच्या जड पाण्यात अंगाचा साबण केसांना लावला तर साबण आणि पाण्यातला चुना मिळून न विरघळणारी साय तयार होते आणि ती केसांवर चिकटून बसते. केस राठ, निस्तेज आणि चिकट होतात. घरातले सगळे तेलाकडे बोट दाखवतात आणि खरा आरोपी साबणदाणीत आरामात बसलेला असतो. परीक्षा सोपी आहे. दोन आठवडे तेल तेच ठेवून साबणाऐवजी शाम्पू किंवा शिकेकाई वापरावी. चिकटपणा गेला तर तेल निर्दोष सुटले. शाम्पूवर जड पाण्याचा तसा परिणाम होत नाही. शिकेकाई आणि रिठ्याचा फेस मवाळ असतो, तो माफक तेल काढतो, चपचपीत काढत नाही. उवा झालेल्या शाळकरी मुलींच्या बाबतीत तेलाला एक वेगळे प्रमाणपत्र देता येते: तेलाने उवा मंदावतात आणि बारीक फणी केसांतून नीट फिरते. मात्र लिखा केसाला चिकटवलेल्या असतात, त्या फणीने चिकाटीनेच काढाव्या लागतात.

तेव्हा आजी आणि नात यांच्यात तह करायचा तर कलमे अशी होतील. तेल खोबरेल. प्रमाण लांब केसांना दोन चमचे, आखूडांना एकही भरपूर. वेळ न्हाण्याच्या आदली रात्र किंवा निदान दोन तास आधी. जागा मुख्यतः मधल्या लांबीपासून शेंड्यापर्यंत, टाळूला फक्त बोटांचे मालिश. मग शाम्पूने धुणे, आणि ओल्या केसांतून रुंद दातांचा कंगवा शेंड्याकडून वर वर नेणे. मुलगी लोकलमध्ये कोरड्या डोक्याने चढेल आणि आजीला तेल लावल्याचे समाधान मिळेल. कोंडा असलेल्याने तेलाची बाटली बाजूला ठेवून डॉक्टरकडून औषधी शाम्पू घ्यावा. गोल चट्ट्यांनी केस जात असतील किंवा पुरुषाचे कपाळ मागे सरकत असेल, तर तिथे कोणतेच तेल उपयोगाचे नाही. तिथे मिनॉक्सिडिलसारखी औषधे आहेत आणि तीही डॉक्टरला विचारूनच लावायची.

बाईचे केस महिनोन्‌महिने विरळ होत असतील, सोबत दम लागत असेल आणि पापण्या आतून पांढुरक्या दिसत असतील, तर शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात आधी हिमोग्लोबिन तपासावे. राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात ते कमी आहे, आणि लोहाच्या कमतरतेने केस गळतात. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या तर त्या चहासोबत घेऊ नयेत, चहा लोह अडवतो. उलट क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करते. म्हणून आवळ्याचा केसांना उपयोग आहेच, फक्त तो डोक्याला लावायचा नाही, जेवताना भाजी-भाकरीबरोबर कच्चा खायचा.